दुकानाचा चार आकडी कोड: मर्चंट कॅटेगरी कोड कसा शोधायचा, तपासायचा आणि चुकला असेल तर बदलून घ्यायचा

आमचं दुकान सांगलीत, कुपवाडच्या दिशेला आहे. सासऱ्यांनी ते भांड्यांचं म्हणून सुरू केलं. मी बसायला लागले तसा हळूहळू किराणा आला, मग भडंग, तासगावचा बेदाणा, दिवाळीचा फराळ. आता भांडी एका भिंतीवर उरली आहेत. पाटी बदलली, जीएसटीत मालाची नोंद बदलली, अन्न परवाना काढला. एकच गोष्ट बदलायची राहिली, कारण ती असते हेच आम्हाला माहीत नव्हतं.

कुपवाड एमआयडीसीतले बरेच कामगार संध्याकाळी शिफ्ट सुटली की आमच्याकडून किराणा नेतात. त्यातल्या काहींना कंपनीकडून मील कार्ड मिळतं, म्हणजे खाण्यापिण्यासाठी पैसे भरलेलं कार्ड. ते कार्ड आमच्या मशीनवर दर वेळी नाकारलं जायचं. एक जण शेवटी म्हणाला, "वहिनी, पलीकडच्या दुकानात हेच कार्ड चालतंय. तुमच्याकडंच का चालत नाही?" मी मशीन बदलून मागितलं, सिमकार्ड बदललं, तरी फरक पडला नाही. दोष मशीनमध्ये नव्हताच. बँकेच्या नोंदीत आमचं दुकान अजूनही भांड्यांचं होतं आणि मील कार्डाला भांडी घ्यायची परवानगी नसते.

हे कळायला मला चार महिने लागले. तुम्ही नवीन दुकान काढत असाल, किंवा जुन्या दुकानात माल बदलला असेल, तर हे काम याच क्रमानं करा.

## १. आधी कोड म्हणजे काय ते समजून घ्या

तुम्ही कार्ड मशीन किंवा क्यूआर घेता तेव्हा ते देणारी बँक किंवा पेमेंट कंपनी तुमच्या दुकानाला एक चार आकडी क्रमांक लावते. तोच मर्चंट कॅटेगरी कोड, बोलताना एमसीसी. कोणत्या आकड्याला कोणता धंदा, याची यादी आयएसओ १८२४५ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे आणि कार्ड नेटवर्क आपापल्या याद्या त्याच धर्तीवर ठेवतात. किराणा आणि सुपरमार्केट `5411`, औषधांचं दुकान `5912`, हॉटेल `5812`, पेट्रोल पंप `5541`, हॉस्पिटल `8062`. आमचा होता `5719`. त्यात घरसजावटीच्या आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंची दुकानं येतात.

गिऱ्हाईक कार्ड लावतो तेव्हा मशीन त्याच्या बँकेला एक निरोप पाठवतं. त्यात रक्कम असते, दुकानाचा क्रमांक असतो आणि हा कोडही असतो. तुम्ही तांदूळ दिलात की कढई, हे त्या निरोपात साधारणपणे नसतं. पलीकडच्या बँकेला दुकानाच्या जातकुळीची ओळख होते ती या चार आकड्यांवरूनच. म्हणून बिलावर "तांदूळ १० किलो" असं स्वच्छ छापलेलं असूनही आमच्याकडचा व्यवहार भांडीखरेदी म्हणूनच जात होता.

कोड लावण्याचं काम तुमच्या बाजूच्या बँकेचं किंवा पेमेंट कंपनीचं आहे. गिऱ्हाइकाची बँक तो फक्त वाचते. त्यामुळे गिऱ्हाइकाला "तुमच्या बँकेत तक्रार करा" असं सांगून उपयोग नसतो. मी सुरुवातीला दोघांना तसं सांगितलं आणि त्यांच्या फेऱ्या वाया घालवल्या.

## २. तुमचा सध्याचा कोड वाचा

काउंटरवरच्या क्यूआरमधून तो बहुतेक वेळा घरबसल्या वाचता येतो. त्यासाठी पेमेंटचं ॲप उघडू नका. फोनमधलं साधं क्यूआर वाचणारं साधन वापरा आणि आतला मजकूर कॉपी करून नोंदवहीत चिकटवा. यूपीआयच्या क्यूआरमध्ये साधारण असा मजकूर दिसतो:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Dukan&mc=5719&cu=INR
```

यात `mc=` च्या पुढचे चार आकडे म्हणजे तुमचा कोड. तिथे `0000` असेल किंवा `mc` हा भागच नसेल, तर तो क्यूआर बहुधा तुमच्या वैयक्तिक खात्याचा आहे, दुकानाचा नाही. अशा क्यूआरवर गिऱ्हाइकाला यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड वापरता येत नाही, कारण व्यक्तीकडून व्यक्तीला पैसे पाठवायला ते चालत नाही. बाजारात कितीतरी दुकानांत मालकाचा वैयक्तिक क्यूआरच लावलेला असतो आणि "क्रेडिट कार्ड का जात नाही" हा प्रश्न तिथेच अडलेला असतो.

दुसऱ्या प्रकारचे क्यूआर म्हणजे आकड्यांची लांबलचक माळ असते. ती `000201` ने सुरू होते. तिच्यात असा तुकडा शोधा:

```
5204571953033565802IN
```

`52` म्हणजे "पुढे कोड आहे", `04` म्हणजे "तो चार आकडी आहे", आणि मग `5719`. त्यानंतरचं `53`, `03`, `356` हे रुपया या चलनाचं आणि शेवटचं `IN` देशाचं.

कार्ड मशीनचा कोड मात्र असा वाचता येत नाही. त्यासाठी मशीन घेताना भरलेल्या अर्जाची प्रत पाहा, किंवा व्यापाऱ्यांच्या पोर्टलवर दुकानाची माहिती उघडून पाहा. दोन्हीकडे नसेल तर मशीन देणाऱ्याला लेखी विचारा.

इथे एक सापळा आहे. मशीन एका बँकेचं, क्यूआर दुसऱ्या कंपनीचा आणि ऑनलाइन ऑर्डरची लिंक तिसरीची, असं असेल तर कोडही तीन असू शकतात. प्रत्येकानं स्वतंत्रपणे लावलेला असतो. आमच्या क्यूआरवर आणि मशीनवर `5719` होता, पण फराळाच्या ऑर्डरसाठी घेतलेल्या लिंकवर `5999` निघाला, म्हणजे "इतर किरकोळ दुकानं". अर्ज भरून घ्यायला आलेल्या माणसाला यादीत नेमकं काय निवडावं हे सुचलं नाही की तो हाच कोड टाकून मोकळा होतो. तेव्हा एक कोड सापडला म्हणून थांबू नका, तिन्ही शोधा.

## ३. नाकारलं गेलेलं पेमेंट कोडामुळेच का, हे ओळखा

पेमेंट अडलं की दर वेळी कोडाला दोष देऊ नका. नाकारलेल्या व्यवहाराच्या पावतीवर अनेक मशीन दोन आकडी कारण छापतात. `51` म्हणजे शिल्लक अपुरी. `55` म्हणजे पिन चुकला. `57` म्हणजे या कार्डाला हा व्यवहार करायची परवानगी नाही. आमच्या मील कार्डांच्या पावत्यांवर दर वेळी `57` होता आणि मी तो कधी वाचलाच नव्हता. काही मशीन आकडा न देता फक्त इंग्रजी वाक्य दाखवतात. त्याचा फोटो काढून ठेवा.

`57` आला म्हणजे कोडच चुकलाय असंही लगेच धरू नका. त्या माणसाच्या कार्डावर टॅप किंवा ऑनलाइन खरेदी बंद असली तरी तोच आकडा येऊ शकतो. ओळखायची सोपी खूण अशी: त्याच माणसाचं नेहमीचं डेबिट कार्ड तुमच्या मशीनवर चालतं, त्याचं मील कार्ड दुसऱ्या किराणा दुकानात चालतं आणि फक्त मील कार्ड व तुमचं मशीन ही जोडी अडते. असं तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत झालं, तर कोडच तपासा.

मील कार्ड इतकं कडक असतं, कारण कंपन्या ते खाण्यापिण्याच्या खर्चासाठी देतात आणि त्यावरची करसवलतही त्याच अटीवर असते. म्हणून कार्ड देणारी संस्था किराणा, हॉटेल अशा ठरावीक कोडांनाच दार उघडं ठेवते.

## ४. फी आणि रिवॉर्डवर नक्की किती परिणाम होतो, हे कागदावर मांडा

मला सुरुवातीला वाटलं होतं की चुकीच्या कोडामुळे फी पण भरमसाट जात असेल. हिशेब केला तेव्हा चित्र वेगळं निघालं, म्हणून तो तसाच इथे मांडते.

गिऱ्हाइकानं बँक खात्यातून साध्या यूपीआयनं किंवा रुपे डेबिट कार्डानं पैसे दिले तर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला फी नाही. तिथे कोड कुठलाही असो, फरक पडत नाही. इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेनं २०१८ पासून कमाल मर्यादा घातली आहे आणि ती कोडावर नाही तर उलाढालीवर ठरते. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्याहून मोठ्या दुकानाला ०.९० टक्के.

कोडाचा थेट संबंध दिसला तो वॉलेटमध्ये. वॉलेटमधल्या पैशांतून यूपीआयनं २,००० रुपयांहून जास्त बिल दिलं तर त्यावर इंटरचेंज नावाची फी लागते. ती यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेनं १ एप्रिल २०२३ पासून धंद्यानुसार ठरवली. सर्वसाधारण दुकानाला १.१ टक्के, सुपरमार्केटला ०.९, शिक्षण आणि शेतीला ०.७, इंधनाला ०.५. ही फी तुमच्या बाजूची बँक वॉलेट कंपनीला देते आणि तुमच्या करारात असेल तर तुमच्याकडून वसूल करते.

आमच्याकडे दिवाळीत एका घराचं बिल ६,००० रुपये झालं आणि वॉलेटमधून आलं. भांड्यांच्या कोडावर १.१ टक्क्यानं ६६ रुपये, किराण्याच्या कोडावर ०.९ टक्क्यानं ५४ रुपये. फरक १२ रुपयांचा. अशी वीस बिलं झाली तरी २४० रुपये. क्रेडिट कार्डावर तर आमच्या करारात सगळ्या कार्डांना एकच सरसकट दर लिहिलेला होता, त्यामुळे कोड बदलून तिथे काहीच बदललं नाही. तुमच्या करारात दर कोडाप्रमाणे आहे की सरसकट, हे वाचून घ्या. सरसकट असेल आणि कोणी "कोड बदला, फी निम्मी होईल" असं म्हणत असेल, तर त्याला करारातली ओळ दाखवायला सांगा.

रिवॉर्डचा परिणाम दुकानदाराला दिसत नाही, गिऱ्हाइकाला दिसतो. काही क्रेडिट कार्डं किराण्यावर जास्त कॅशबॅक देतात. ती बिल बघत नाहीत, कोड बघतात. विश्रामबागेतल्या एक काकू दर महिन्याला आमच्याकडून सात-आठ हजारांचा किराणा कार्डावर न्यायच्या. त्या अचानक यायच्या बंद झाल्या. पुढे भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्याकडं घेतलं की कार्डावर पॉइंट्सच येत नाहीत गं." त्यांच्या स्टेटमेंटमध्ये आमची सगळी खरेदी घरसामानात दाखवलेली होती. गिऱ्हाईक म्हणून तुम्हाला एवढंच करता येतं: मोठी खरेदी करण्याआधी त्या दुकानात एक लहान बिल कार्डावर द्या आणि बँकेच्या ॲपमध्ये ते कोणत्या वर्गात पडतं ते बघा. भाडं, वॉलेट भरणं, इंधन अशा कोडांवर बरीच कार्डं पॉइंट्स देतच नाहीत, तेव्हा कार्डाच्या अटींमधली वगळलेल्या खर्चांची यादीही वाचा.

म्हणजे आमच्या बाबतीत फीचा तोटा किरकोळ होता. खरा तोटा होता तो परत गेलेल्या गिऱ्हाइकांचा. तुमचा हिशेब वेगळा निघू शकतो. हॉस्पिटल किंवा कॉलेजचा कोड चुकला तर फटका रकमेच्या मर्यादेला बसतो, कारण यूपीआयवर एका वेळची मर्यादा साधारण १ लाख असली तरी हॉस्पिटल आणि शिक्षणसंस्थांना ती ५ लाखांपर्यंत आहे. मिरजेत इतकी हॉस्पिटलं आहेत, तिथे ऑपरेशनचं बिल भरताना एक लाखावर अडणं म्हणजे काय, हे ज्यानं भरलंय त्याला माहीत आहे.

## ५. योग्य कोड स्वतः ठरवा, पण खरा तोच मागा

नियम असा आहे की ज्या मालाची विक्री सर्वात जास्त, त्याचा कोड. मी गेल्या बारा महिन्यांची विक्री दोन रकान्यांत मांडली. किराणा, भडंग, बेदाणा आणि फराळ मिळून शंभरातले ७१ रुपये, भांडी २९. खाण्याच्या मालातही मोठा भाग रोजच्या किराण्याचा होता, म्हणून `5411` मागितला. फक्त भडंग, बेदाणे आणि मिठाईचंच दुकान असतं तर `5441` जवळचा ठरला असता, कारण तो गोळ्या, सुकामेवा आणि मिठाईसाठी आहे.

इथे दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे दुसराच कोड एमसीसी समजणं. उद्यम प्रमाणपत्रावरचा एनआयसी कोड पाच आकडी असतो. जीएसटीतला एचएसएन कोड मालाचा असतो आणि छोट्या व्यापाऱ्याच्या बिलावर तोही चार आकडी असतो, म्हणून घोटाळा होतो. मी पहिल्या अर्जात एचएसएनच लिहिला होता आणि तो अर्ज उत्तर न देताच बंद झाला.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. कमी फी लागते म्हणून धंद्याशी संबंध नसलेला कोड मागणं. मशीन देणारी बँक नंतर दुकानाची तपासणी करू शकते. बिलं, फोटो आणि कोड जुळले नाहीत तर ती तुमचे पैसे रोखून धरू शकते किंवा मशीन बंद करू शकते, कारण चुकीच्या कोडाबद्दल नेटवर्क तिलाच जबाबदार धरतं. एखादा एजंट असं सुचवत असेल तर त्याला नाही म्हणा.

दोन्ही धंदे खरोखर मोठे असतील तर दुसऱ्या काउंटरसाठी वेगळा क्रमांक आणि वेगळं मशीन मागता येतं. आम्हाला २९ टक्क्यांसाठी दोन मशीनचं भाडं परवडणारं नव्हतं.

## ६. कागद गोळा करा

- जीएसटी प्रमाणपत्र आणि त्यातल्या मालाच्या यादीचं पान. यादी जुनी असेल तर आधी ती बदलून घ्या. आमचं हे काम आधीच झालं होतं, म्हणून वेळ वाचला.
- अन्न परवाना किंवा नोंदणी. किराण्याच्या कोडासाठी हाच कागद सगळ्यात जास्त वजनाचा ठरला.
- शॉप ॲक्टची नोंद आणि उद्यम प्रमाणपत्र. दोन्हीवर व्यवसायाचं वर्णन एकच हवं.
- दुकानाचे चार फोटो: पाटी वाचता येईल असा बाहेरून, काउंटर, मालाचे रॅक आणि क्यूआर लावलेली जागा. आमच्या पहिल्या फोटोत पुढेच पातेल्यांची उतरंड दिसत होती, म्हणून पुन्हा काढायला लागले.
- बारा महिन्यांच्या विक्रीचा गोषवारा, एका पानात.
- मर्चंट आयडी आणि प्रत्येक मशीनचा टर्मिनल आयडी. दोन्ही पावतीच्या वरच्या भागात छापलेले असतात.

## ७. अर्ज लेखी करा

हेल्पलाइनवर मी सहा वेळा बोलले. दर वेळी "मशीन रीस्टार्ट करा" एवढंच ऐकलं, कारण मी "कार्ड चालत नाही" अशी तक्रार करत होते. तक्रार तशी नोंदवली की ती मशीन दुरुस्तीकडे जाते. ईमेलच्या विषयातच मागणी स्पष्ट लिहा. मी शेवटी लिहिलं ते असं:

"विषय: मर्चंट कॅटेगरी कोड `5719` वरून `5411` करण्याबाबत. आमच्या दुकानात आता मुख्य विक्री किराणा मालाची आहे. गेल्या बारा महिन्यांत एकूण विक्रीच्या ७१ टक्के विक्री किराणा व खाद्यपदार्थांची झाली. अन्न परवाना, जीएसटी प्रमाणपत्र, विक्रीचा गोषवारा आणि फोटो सोबत जोडले आहेत. कृपया मशीन आणि क्यूआर या दोन्हींच्या नोंदीत बदल करावा, बदल लागू झाल्याची तारीख लेखी कळवावी आणि नवीन क्यूआर द्यावा."

"या दोन्हींच्या" हे शब्द मुद्दाम घाला. नाहीतर एकाच ठिकाणी बदल होतो. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. लिंकवाल्या कंपनीला असाच अर्ज वेगळा करा.

## ८. बदल झाला का, हे स्वतः तपासा

आम्हाला "कोड बदलला" असा ईमेल आला आणि त्याच संध्याकाळी मील कार्ड परत नाकारलं गेलं. नोंद बदलली होती, पण मशीनवर जुनीच माहिती होती. मशीनच्या मेनूतून सेटलमेंट करून नवीन माहिती उतरवून घेतल्यावर, दुसऱ्या दिवशी पहिलं मील कार्ड गेलं. ३४० रुपयांचं बिल होतं, तूरडाळ आणि तेल.

नवीन क्यूआर आला की दुसऱ्या पायरीत सांगितल्याप्रमाणे तो वाचा आणि `5411` दिसतो का ते बघा. छापील क्यूआरमध्ये कोड शाईतच असतो, नोंद बदलली तरी जुना स्टिकर आपोआप बदलत नाही. म्हणून जुने सगळे काढा. आमचा एक स्टिकर वजनकाट्याच्या मागच्या बाजूला राहिला होता आणि आणखी तीन आठवडे काही जण तोच स्कॅन करत होते.

मग महिन्याच्या सेटलमेंट रिपोर्टमध्ये २,००० रुपयांवरच्या वॉलेट बिलांपुढची फी पाहा. दर तोच राहिला असेल तर करारातला आकडा बघून पुन्हा लिहा.

जुने व्यवहार मात्र मागे जाऊन बदलत नाहीत. विश्रामबागेतल्या काकूंना मी हे सांगितलं, त्यांचे गेलेले पॉइंट्स आले नाहीत. नंतरच्या महिन्याच्या खरेदीवर आले. आणि काही मील कार्डं अजूनही आमच्याकडे चालत नाहीत, कारण ती देणाऱ्या संस्था कोडाशिवाय स्वतःची निवडक दुकानांची यादीही ठेवतात. त्या यादीत नाव घालण्यासाठी त्या संस्थेकडे वेगळा अर्ज करावा लागतो. कोणत्या कार्डासाठी तो करायचा हे ठरवायला मी काउंटरवर एक वही ठेवली आहे. कार्ड नाकारलं गेलं की त्यावरचं नाव, तारीख आणि पावतीवरचा आकडा तिच्यात लिहिते.